गिलाव्याच्या अलीकडे

"महिन्याला पाचशे कमी द्या, पण नळ गळतोय, कडी निखळली, असल्या कामांसाठी मला ठाण्याहून बोलवायचं नाही. किरकोळ ते तुम्ही बघा, मोठं ते मी बघतो."

कोथरूडमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा सौदा अशा दोन वाक्यांत ठरला. भाडं 19,000 सांगितलं होतं, ते 18,500 झालं. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे 5,500 रुपयांची बचत. नवऱ्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. एजंटाला त्याच्या एका महिन्याच्या दलालीशी मतलब, त्यामुळे तोही खूश. "किरकोळ म्हणजे काय?" हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. मी तर पोटापाण्यासाठी दुसऱ्यांची मुद्रितं तपासते, एकेका शब्दावर अडून बसते. नेमका हा शब्द मात्र माझ्या नजरेतून निसटला.

घरमालक काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा पक्का होता, हे मला पुढे कळलं. आधीच्या भाडेकरूने एकदा "गीझर बंद पडला" म्हणून त्यांना बोलावून घेतलं. काका सकाळची बस पकडून पुण्यात आले, जिने चढले, तर बाथरूमबाहेरचं बटणच बंद होतं. त्या दिवसाचा राग या पाचशे रुपयांत होता. शिवाय घरभाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकरात सरसकट तीस टक्के वजावट मिळते, मग मालकाने दुरुस्तीवर एक रुपया खर्च केलेला असो की पन्नास हजार. म्हणजे वायसरची पावती जपून ठेवल्याने काकांचा कर काही कमी होत नव्हता. भाडं कमी केलं की मात्र उत्पन्नच तेवढं कमी दिसतं. माणूस फसवणारा अजिबात नव्हता, हिशेबी होता, आणि तसं त्याने असावंच.

आम्ही काय विकत घेतलं होतं, हे कळायला पहिला पावसाळा जावा लागला. इमारत नव्वदच्या दशकातली. पालिकेचं पाणी अपुरं पडलं की सोसायटी त्यात बोअरचं मिसळते, त्यामुळे बादलीच्या कडेला पांढरी रेघ आणि शॉवरची निम्मी भोकं बुजलेली. अशा घराची 'किरकोळ' कामं अंगावर घेणं म्हणजे तीस वर्षांच्या वस्तूंचा विमा उतरवणं, आणि तोही वस्तू न तपासता.

सुरुवात मोठी गोड झाली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. जुना, गोल गोल फिरवायचा नळ. आमच्या लेनच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने विचारलं, "अर्ध्या इंचाचा वायसर ना?" आणि काळ्या रबराच्या चार चकत्या कागदात गुंडाळून दिल्या. पाना, टेफ्लॉन टेप आणि वायसर मिळून 340 रुपये झाले. वायसर त्यात नावालाच, खरे पैसे पान्याचे.

पाणी बंद करायला गच्चीवर जावं लागलं. स्वयंपाकघराची आणि बाथरूमची लाइन वेगवेगळी, प्रत्येकीला टाकीखाली आपापला व्हॉल्व्ह. कुठला आमचा, हे तळमजल्यावरच्या आजींनी खालून ओरडून सांगितलं. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नव्हता, गंजून घट्ट बसलेला. असा व्हॉल्व्ह जोर लावून एकदम फिरवायचा नसतो. आतला दांडा तुटला तर पडदा बंद अवस्थेतही अडकू शकतो आणि मग नळ गळायचा राहतो बाजूला, घरात पाणीच येत नाही. तेल सोडून थोडं पुढे, थोडं मागे असं करत दहा मिनिटांनी तो हलला. त्या दिवसापासून मी दर दोन महिन्यांनी गच्चीवर जाऊन आमचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदा बंद करून उघडते. शेजारणीला वाटतं, मी वाळवणाला जागा शोधतेय.

पुढचं काम सोपं. नळ उघडा ठेवून पाइपात राहिलेलं पाणी जाऊ द्यायचं, मुठीखालची पितळी टोपी पान्याने सोडवायची, स्पिंडल वर उचलायचा. त्याच्या खाली एक छोटी दांडी असते आणि तिच्या बुडाला हा वायसर. आमचा निघाला तेव्हा त्यावर मधोमध खोल गोल खाच पडली होती. नवा बसवून टोपी आवळताना नळ अर्धा उघडा ठेवायचा, नाहीतर नवा रबर आवळतानाच चेपून जातो. नळ सुरू केला, बंद केला. थेंब नाही! त्या संध्याकाळी मी फोनवर आईला हे इतकं रंगवून सांगितलं की ती म्हणाली, "अगं, धरण बांधलंस का?"

नळाच्या आत वायसर जिथे टेकतो, त्या गोल पितळी काठाला प्लंबर 'सीट' म्हणतात. वायसर बदलताना त्या काठावरून बोट फिरवायचं असतं. गुळगुळीत लागला तर नवा वायसर वर्ष-दोन वर्षं टिकेल. खरखरीत लागला, खळगे जाणवले, तर तो काठ नव्या वायसरला आठवड्याआठवड्याने कुरतडतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात नशिबाने काठ चांगला होता.

मग एकेक येत गेलं. संडासाच्या टाकीत सतत भरल्याचा बारीक आवाज येई. प्लंबरने नीळ मागितली. कपड्यांची नीळ! टाकीत चार थेंब टाकले आणि म्हणाला, "अर्धा तास फ्लश करू नका." अर्ध्या तासाने भांड्याच्या मागच्या बाजूने निळसर ओघळ उतरत होता. म्हणजे टाकीच्या बुडाचं रबर गेलेलं, आणि पाणी रात्रंदिवस कुणाला न दिसता चाललेलं. आतलं फिटिंग आणि मजुरी मिळून 800. एक जळकं सॉकेट बदलायचे 430. पावसात फुगून कडी न लागणाऱ्या दाराचे सुताराला 400.

गीझरवर जरा थांबायला हवं, कारण या सौद्यातला सगळ्यात धोक्याचा ऐवज तोच होता. दिवाळीच्या सुमारास तो कढईत भजी तळल्यासारखा आवाज करायला लागला आणि एका बादलीला दुप्पट वेळ घ्यायला लागला. मेकॅनिकने खालचं झाकण सोडवून कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर क्षारांचं बोटभर जाड कवच. पाणी तापायच्या आधी ते कवच तापत होतं. कॉइलशेजारी त्याने आणखी एक वस्तू काढून दाखवली, एक काळपट वाकडी तार. "ही मॅग्नेशियमची कांडी होती," तो म्हणाला. ती गंजण्यासाठीच घातलेली असते. पाण्याने टाकीचा पत्रा खाण्याऐवजी आधी हिला खावं म्हणून. ती संपली की पाण्याचा मोर्चा टाकीकडे वळतो. आमच्या कांडीची तार उरली होती, म्हणजे आधीच्या कित्येक वर्षांत कुणी गीझर उघडलाच नव्हता. कॉइल, गॅस्केट, नवी कांडी आणि मजुरी, 1,650.

मी त्याला विचारलं, टाकीच गेली असती तर? "मग पाइपाच्या जोडाला गळत नाही, बॉडीच्या तळातून ठिबकतं. त्याला दुरुस्ती नाही, नवा घ्यायचा." नवा गीझर किरकोळ की मोठा? आमच्या दोन वाक्यांच्या करारात याचं उत्तर नव्हतं. काकांनी तो किती साली बसवला, हेही आम्ही विचारलं नव्हतं. अकरा महिन्यांच्या बोलीवर आलेला भाडेकरू मालकाची नऊ-दहा वर्षांची झीज एका बिलात फेडतो, ती अशी. पाचशेची सूट महिन्याला मिळते, झीज मात्र महिन्याच्या हप्त्यांत येत नाही.

फेब्रुवारीत बाथरूमचा नळ ठिबकायला लागला. मी आता तयारीची. वायसर घातला, तीन आठवड्यांत पुन्हा थेंब. दुसरा घातला, दोन आठवडे. तेव्हा सीट हा शब्द माझ्या आयुष्यात आला. प्लंबरने बोट फिरवलं, "गेली" म्हणाला, नळच बदलायला हवा. मग भिंतीजवळ वाकून त्याने नळाच्या मुळाशी टाइलवर असलेला तांबूस डाग नखाने खरवडला.

"ताई, सकाळी पहिलं पाणी लालसर येतं का?"

"येतं थोडं."

"आत जीआय पाइप आहे, जुना. हा नळ फिरवला तर एकटा नळच फिरेल याची गॅरंटी नाही. मालकांना विचारून घ्या आधी."

लोखंडी पाइपावरचा जस्ताचा थर एकदा संपला की आतून गंज धरतो आणि नळाचे आटे पाइपाच्या आट्यांशी जणू एकजीव होतात. पान्याने नळ फिरवावा तर भिंतीतला काटकोनी जोड, म्हणजे एल्बोसुद्धा बरोबर फिरतो, आणि एल्बोच्या मागचा पातळ झालेला पाइप आट्यांवर तुटतो. हे सगळं त्याने मला आधी सांगितलं. मी म्हटलं, नळ बदलणं किरकोळच आहे, त्यासाठी काय काकांना फोन करायचा? करा तुम्ही.

त्याने पाना लावला. आधी करकर आवाज आला, मग अचानक हात मोकळा फिरला, आणि टाइलच्या सांध्यातून पाणी यायला लागलं. मी गच्चीकडे पळाले. व्हॉल्व्ह दोन महिन्यांपूर्वीच फिरवलेला होता, म्हणून तो लगेच बंद झाला. एवढं एकच त्या दिवशी नीट झालं.

तीन टाइल फुटल्या, चार फूट पाइप कापून काढावा लागला, त्या जागी सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप आणि पितळी आट्यांचा एल्बो बसला. तीस वर्षांपूर्वीच्या नक्षीची टाइल अर्थातच कुठे मिळाली नाही, साधी पांढरी बसवली. ती आजही त्या बाथरूममध्ये पडलेल्या दाताच्या जागी बसवलेल्या दातासारखी दिसते. प्लंबरचे दोन दिवसांचे 1,800, पाइप आणि फिटिंगचे 650, टाइल आणि गवंडी 1,400, नवा नळ 750. एकूण 4,600.

काका फोनवर म्हणाले, "अहो ताई, नळाचं काम तर तुमच्याकडेच ठरलं होतं ना?"

ठरलं होतंच! मला उत्तर सुचेना. नवरा म्हणाला, कायदा बघ. मी बघितला आणि तो वाचून मला आधी हसू आलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊन किमान पंधरा दिवस थांबूनही त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. पण आम्ही लिव्ह अँड लायसन्सवाले, त्या कायद्याच्या अर्थाने भाडेकरूच नव्हे. आणि आमच्याकडे 'वेगळा करार' होताच, तोंडी. केंद्राचा 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा तर याहून मजेशीर. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्याच्या शेवटी दोन याद्या आहेत. नळ आणि नळाचे वायसर, संडासाची दुरुस्ती, गीझर, बटणं आणि सॉकेट, दाराच्या कड्या-कुलपं, हे सगळं भाडेकरूकडे, आणि तेही एका रुपयाची सूट न देता. म्हणजे त्या यादीप्रमाणे काका मला वर्षाला 5,500 रुपये फुकट देत होते.

पण मालकाच्या यादीत मुख्य बांधकामाची दुरुस्ती होती, भिंतींची रंगसफेदी होती, वायरिंग होतं, आणि गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं होतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा मला त्यातली रेघ दिसली. हाताला लागतं ते राहणाऱ्याचं, गिलाव्याच्या आत असतं ते मालकाचं. आमचा नळ नेमका त्या रेघेवर उभा होता, आणि तुटला तो रेघेच्या आतल्या बाजूला.

मी काकांना कायदा सांगितला नाही. सत्तरीच्या माणसाला फोनवर कलमं ऐकवली की पुढचा संवाद वकिलाशीच होतो. मी प्लंबरकडून तो तुटलेला एल्बो मागून घेतला आणि त्याचा फोटो पाठवला. अर्ध्या इंचाच्या पाइपात गंजाने भरून शिसपेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "हा बिल्डरने घातलेला पाइप. तुम्ही आलात कधी, जूनमध्ये ना?" मग जरा वेळ शांतता. "नळाचे तुमचे, पाइपाचे माझे. पुढच्या भाड्यातून 3,850 कापून घ्या. आणि तो तुकडा टाकू नका, मला बघायचाय."

वर्षाचा हिशेब मी वहीत मांडला. आमच्या खिशातून गेले 4,370, सूट मिळाली 5,500, उरले 1,130. पाइपही आमच्या माथी आला असता तर 2,720 चा खड्डा होता. प्लंबरची वाट बघत घरी अडकलेल्या सकाळी कुठल्या रकान्यात मांडायच्या ते मला कळलं नाही, सोडून दिल्या. नवरा म्हणतो, फायद्यात आहोत. मी म्हणते, काका चांगले निघाले म्हणून फायद्यात आहोत, आणि दुसऱ्याच्या चांगुलपणावर हिशेब मांडायचा नसतो.

म्हणून नव्या कराराच्या वेळी मीच कागद घेऊन बसले. कुठल्याही एका कामाचा खर्च हजारापर्यंत असेल तर आमचा, त्यावर गेला तर काम सुरू करण्याआधी काकांना कळवायचं आणि वरची रक्कम त्यांची. भिंतीच्या, फरशीच्या, छताच्या आतलं सगळं त्यांचं, मग खर्च शंभर रुपयांचा का असेना. वरच्या मजल्यावरून येणारी ओल तर आमची नाहीच, ती त्यांची आणि वरच्यांची. गीझरची टाकी गेली तर गीझर त्यांचा. आणि वर्षभरात आमचा एकूण खर्च सूट मिळालेल्या रकमेइतका झाला की पुढचं सगळं त्यांच्याकडे. हे शेवटचं कलम काकांनी दोनदा वाचलं. "म्हणजे तुम्हाला तोटा कधीच नाही?" "काका, घर तुमचं आहे," मी म्हटलं. ते हसले आणि पुढे गेले.

त्यांनीही एक सुधारणा केली, आणि ती योग्य होती. एजंटाने पाच टक्के वाढ 18,500 वर धरून 19,425 लिहिलं होतं. काकांनी ते खोडलं. भाडं 19,000 वर पाच टक्के वाढवून 19,950, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत 'देखभालीपोटी सूट 500'. फरक पंचवीस रुपयांचा. पण सूट वेगळी लिहिली की ती कशाबद्दल आहे हे कागदावर राहतं, आणि उद्या कुणाला नको झाली तर भाड्याला हात न लावता काढता येते. मलाही ते हवंच होतं. घर सोडताना 60,000 च्या डिपॉझिटमधून "दुरुस्ती तुमच्याकडे होती, मग हे सॉकेट सैल कसं?" असं कुणी कापायला लागलं, तर कुठली वस्तू आम्हाला कुठल्या अवस्थेत मिळाली याचा पुरावा लागतो. म्हणून करारासोबत घरातल्या सगळ्या नळांचे, बटणांचे आणि गीझरवरच्या लेबलाचे फोटो जोडले. काकांनी प्रत्येक पानावर सही केली, बँकेतल्यासारखी, एकाच उंचीवर.

सह्या झाल्यावर ते बाथरूम बघायला गेले. पांढऱ्या टाइलसमोर उभे राहिले, खिशात घातलेला एल्बोचा तुकडा काढून पुन्हा एकदा बघितला. मग स्वयंपाकघरात येऊन नळ सोडला, हात धुतले आणि सवयीने मूठ पकडून तो गच्च आवळला. वर आणखी एक पीळ दिला.

"काका, हळू!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "एवढा आवळला की वायसर कापतो. पाणी थांबलं की सोडून द्यायचं."

त्यांनी मुठीवरचा हात काढला, नळाकडे बघितलं. मग पुन्हा पाणी सोडलं आणि या वेळी दोन बोटांनी, बेताने बंद केलं.

"असं?"

"हां, असं."